आधी मजकूर, मग कॅमेरा

माहितीपटात एखादा शेतकरी बोलत असतो. अंगात पांढरा सदरा, वर पांढरी टोपी, ऊन चांगले पडलेले. त्याच्या छातीवर त्याचे नाव उमटते, तेही पांढऱ्याच अक्षरांत. प्रेक्षक डोळे बारीक करतो, आडनावापर्यंत पोहोचतो आणि तेवढ्यात नाव निघून जाते. पुढची पंधरा मिनिटे तो माणूस बोलत राहतो, पण तो कोण हे कळायचे राहून गेलेले असते. दोष बहुधा संकलकाच्या माथी येतो. खरे तर त्याच्या हाती आलेल्या चौकटीत अक्षरांना बसायला जागाच नव्हती.

ही जागा ठेवायची कुणी, कुठे आणि किती, यावर चित्रीकरण करणाऱ्यांत एकमत नाही. काही जण चित्रीकरणातच एक बाजू मोकळी सोडतात. काही जण ऐसपैस फ्रेम घेऊन ठेवतात आणि जुळवाजुळव संकलनावर सोपवतात. वृत्तवाहिन्या रंगीत पट्टी टाकून मोकळ्या होतात. शीर्षकासाठी काळी पाटी वेगळी दाखवावी, चित्रावर अक्षर नकोच, असे मानणारेही आहेत. या चारही वाटा कुठे चालतात आणि कुठे अडतात, हे पाहण्यासाठी सुरुवात अक्षरांच्या गरजेपासून करावी लागते.

कडेपासून किती आत

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र पडद्याच्या चौकटीपेक्षा थोडे मोठे पसरत असे. कडेचा भाग प्लास्टिकच्या आड जाई, आणि किती जाई हे संचागणिक बदले. म्हणून अमेरिकेतील सिनेमा आणि टीव्ही अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेने मजकुरासाठी रुंदी आणि उंचीचा मधला ८० टक्केच भाग सुरक्षित धरला होता. सपाट पडदे आल्यावर ही कापाकापी कमी झाली आणि २००९च्या मानकात तो भाग ९० टक्के झाला. युरोपातील प्रसारणसंस्थांच्या संघाचाही हिशेब तोच आहे, प्रत्येक कडेपासून ५ टक्के. म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चित्रात डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल सोडून मगच अक्षर सुरू व्हायचे.

हे समास सगळ्या भाषांना सारखेच आहेत. देवनागरीचा प्रश्न त्याच्या आत सुरू होतो. रोमन लिपीत लिहिलेले नाव मोठ्या अक्षरांत टाकले की सगळी अक्षरे एका उंचीची, वर-खाली काही नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘पूर्णिमा’ आणि ‘कुर्डुवाडी’ एकाखाली एक लिहून पाहा. ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो. म्हणून अक्षराच्या आकाराच्या निदान १.४ पट ओळीची उंची धरावी लागते. इंग्रजी नावांसाठी बेतलेल्या तयार साच्यात मराठी नाव टाकले की पट्टीबाहेर वेलांट्या डोकावतात, त्या याच कारणाने.

शिरोरेषेची आणखी एक अडचण आहे. ती आडवी, सलग आणि ठळक रेघ असते. मागे खिडकीची चौकट, गच्चीचा कठडा किंवा क्षितिज नेमके त्याच उंचीवर आले की दोन्ही रेघा एकमेकींत मिसळतात आणि शब्द त्या रेघेला टांगल्यासारखा दिसतो. जुन्या इंटरलेस प्रसारणात तर चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने दाखवल्या जात. बारीक शिरोरेषा एकाच ओळीवर बसली की ती सेकंदाला पंचवीसदा दिसे आणि लपे, म्हणजे लुकलुके. टीव्हीसाठी जाड वळणाचा टंक निवडण्यामागे हेही कारण होते.

एका मुलाखतीचा हिशेब

येवल्यात पैठणी विणणाऱ्या एका कारागिराची मुलाखत घ्यायची आहे असे धरू. माहितीपट मराठी आहे, पण महाराष्ट्राबाहेरही दाखवायचा असल्याने खाली इंग्रजी सबटायटल जाणार आहेत. कारागीर हातमागावर बसलेला आहे, चौकट कमरेपासून वर घेतली आहे आणि त्याचे हात धोट्याशी खेळत आहेत. कुणालाही ही चौकट आवडेल. आता तिच्यावर अक्षरे मांडू.

सबटायटलच्या दोन ओळी ४६ पिक्सेलच्या अक्षरात धरल्या तर साधारण १२८ पिक्सेल उंची लागते. खालचा ५४ पिक्सेलचा समास सोडला की त्या ८९८ ते १०२६ या पट्ट्यात बसतात. कारागिराचे नाव ५४ पिक्सेलमध्ये आणि त्याखाली ‘पैठणी विणकर, येवला’ ही ओळ ३६ पिक्सेलमध्ये घेतली तर आणखी १२६ पिक्सेल झाले. नाव आणि सबटायटल एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये २४ पिक्सेल. म्हणजे नाव सुरू होते ते ७४८व्या पिक्सेलवर. तिथपासून तळापर्यंत ३३२ पिक्सेल गेले, म्हणजे १०८० पैकी जवळजवळ एक तृतीयांश. कमरेपासून घेतलेल्या चौकटीत हात नेमके याच भागात आहेत. ज्या हातांसाठी प्रेक्षक ही मुलाखत पाहणार, त्यांच्यावरच नाव आणि सबटायटल बसणार.

उपाय दोन शॉटचा आहे. नाव ज्या शॉटवर येणार तो वेगळा घ्यायचा, छातीपासून वर, हात चौकटीबाहेर. कारागीर डाव्या तृतीयांशात, नजर उजवीकडे, म्हणजे बोलताना तो मोकळ्या बाजूकडे पाहतो. उजवीकडची जागा ११००व्या पिक्सेलपासून १८२४पर्यंत मिळते, रुंदी ७२४ पिक्सेल. तिथे नाव आणि ‘पैठणी विणकर, येवला’ ऐसपैस मावते. मात्र कारागीर एखाद्या सहकारी संस्थेचा अध्यक्ष असेल आणि संस्थेचे नाव लांबलचक असेल तर पदाच्या दोन ओळी होतात, आणि तिसऱ्या ओळीची सोय आधीच करावी लागते. म्हणूनच नाव, पद आणि गाव हे चित्रीकरणाच्या आधी विचारून लिहून घ्यायचे असते. पद किती लांब आहे यावर माणूस किती कडेला बसवायचा हे ठरते.

नाव खांद्याच्या उंचीवर ठेवायचे, डोळ्यांच्या नाही. डोळ्यांसमोर ठेवले की माणूस स्वतःचेच नाव वाचत बसल्यासारखा वाटतो. खांद्याच्या उंचीवर ठेवले की नजरेची वाट मोकळी राहते आणि सबटायटलचा पट्टाही सुटतो. हातांचा शॉट नंतर स्वतंत्र घ्यायचा, कॅमेरा थोडा खाली झुकवून, म्हणजे हात मध्यावर येतील आणि तळाला फक्त विणलेले कापड राहील. त्यावर सबटायटल आले तरी काही झाकले जात नाही.

जागेवर याची खात्री करायला संगणक लागत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोनवर फोटो काढायचा आणि त्यावर नाव टाइप करून बघायचे. किंवा मॉनिटरच्या खालच्या तृतीयांशावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवायची. तिच्याखाली हात, तोंड, पुस्तक, ताट असे काही गेले की चौकट चुकली हे लगेच दिसते.

मोकळी जागा स्वच्छ केव्हा म्हणायची

नुसती रिकामी बाजू पुरत नाही. अक्षर वाचायचे तर मागचा भाग एका उजेडाचा, एका रंगाचा आणि अक्षर असेपर्यंत शांत हवा.

उजेडाचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. वेबवरच्या मजकुरासाठी प्रचलित असलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे गुणोत्तर साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ मागितले आहे. व्हिडिओसाठीही हा मापदंड कामी येतो. उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्याची छटा ० ते २५५ या पट्टीवर २००च्या आसपास असते. त्यावर शुद्ध पांढरे अक्षर टाकले तर गुणोत्तर येते सुमारे १.७. म्हणजे सुरुवातीच्या शेतकऱ्याचे नाव वाचता येणारच नव्हते. तोच माणूस थोडा सरकवून नाव सावलीतल्या भिंतीवर आणले आणि भिंतीची छटा ६० असली तर गुणोत्तर ११ होते. सदऱ्यावरच अर्धपारदर्शक काळी पट्टी टाकली तर मागची छटा २००वरून १००वर येते आणि गुणोत्तर ५.९ मिळते. पट्टीने काम भागते, पण सदऱ्यावर एक काळपट चौकोन कायमचा येऊन बसतो.

दुसरी अट स्थिरतेची. नाव साधारण पाच सेकंद राहते. ते हळू येते, हळू जाते, आणि नेमके कुठे टाकायचे हे संकलक बोलण्याचा ओघ पाहून ठरवतो. म्हणून ती बाजू निदान दहा-बारा सेकंद मोकळी राहिली पाहिजे. मागून मोटारसायकल गेली, पंखा फिरत राहिला, पडदा उडाला की डोळा तिकडे वळतो. गावातल्या ओट्यावर मुलाखत असेल तर कॅमेऱ्याच्या मोकळ्या बाजूला एक माणूस उभा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना क्षणभर थांबवणे हा उपाय साधा आहे आणि खात्रीचाही. ड्रोनच्या शॉटमध्ये आकाश ही हुकमी मोकळी जागा वाटते. पण कॅमेरा खाली झुकू लागला की क्षितिज वर चढते आणि तिसऱ्या सेकंदाला शीर्षक झाडांच्या शेंड्यांत अडकते. शीर्षकाचा ड्रोन शॉट घ्यायचा तर पुढे जाणारा घ्यावा किंवा शेवटी काही सेकंद थांबवावा.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या स्वतःच्या निर्णयांची. माणूस कडेला आणि मधोमध मोठी रिकामी जागा, अशी चौकट दिसली की ऑटो एक्स्पोजर त्या रिकाम्या जागेलाच मुख्य विषय समजतो. मागे उजळ आकाश असेल तर चेहरा काळवंडतो, मागे काळोखी भिंत असेल तर चेहरा उडतो. फोकसही मधल्या भिंतीवर जाऊन बसतो. म्हणून अशा शॉटला चेहऱ्यावर उजेड मोजून एक्स्पोजर कुलूपबंद करायचे आणि फोकस बिंदू हाताने चेहऱ्यावर ठेवायचा. माणूस भिंतीपासून दोन मीटर पुढे बसवता आला तर भिंतीवरची दिनदर्शिका, खिळे, वायरी आपोआप धूसर होतात. फक्त मागे पेटलेले दिवे नकोत. धूसर झाल्यावर त्यांची मोठी उजळ वर्तुळे होतात आणि नेमकी अक्षराखाली येतात.

संकलनात काय साधते

आता दुसऱ्या वाटेकडे, म्हणजे ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांकडे. त्यांचा आधार फोर-के चित्रीकरणाचा. ३८४० बाय २१६० पिक्सेलमध्ये घेतलेले चित्र एचडीमध्ये वापरायचे असेल तर चौकट निम्म्यापर्यंत लहान करता येते आणि तिच्यात माणूस डावीकडे-उजवीकडे सरकवता येतो. हा फायदा खरा आहे. पण तो मिळतो चित्रीकरणच ऐसपैस घेतले असेल तेव्हा. चेहरा आधीच चौकटभर असेल तर सरकवायला बाजूला काही उरत नाही. आणि सरकवण्याने मागची गर्दी जात नाही. मागे किराणा दुकानाची मांडणी असेल तर ती फोर-केमध्येही मांडणीच राहते.

कॅमेरा ट्रायपॉडवर अजिबात न हलता असेल तर आणखी एक सोय आहे. मुलाखत संपल्यावर माणूस उठून गेला की तीच चौकट, तोच उजेड, दहा सेकंद रिकामी घ्यायची. या रिकाम्या शॉटमधून संकलक भिंतीचा तुकडा उचलून नको असलेल्या जागी बसवू शकतो. मधेच आलेले मांजर किंवा दारात उभा राहिलेला मुलगा पुसू शकतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्यात हे जमत नाही, कारण प्रत्येक क्षणी भिंत वेगळ्या कोनातून दिसते.

पट्टीची वाट वृत्तवाहिन्यांना सोयीची आहे आणि तिथे ती योग्यही आहे. बाइट कुठून येईल, मागे काय असेल, हे त्यांच्या हाती नसते. ॲस्टन, टिकर, कोपऱ्यातला लोगो, वेळ असे सगळे एका घट्ट साच्यात बसवले की कुठलेही चित्र आले तरी मजकूर वाचता येतो. त्याची किंमत म्हणजे चित्राचा खालचा भाग कायमचा गेला, आणि वाहिनीचे कॅमेरामन म्हणूनच माणसाला जरा वर धरतात. माहितीपटात ती सक्ती नसते, त्यामुळे पट्टी हा तिथे शेवटचा उपाय मानावा.

काळ्या पाटीची चौथी वाट सर्वांत सुरक्षित. तिच्यावर अक्षर हमखास वाचता येते. पण तेवढा वेळ चित्र थांबते. शीर्षकाला आणि प्रकरणांच्या नावांना ते शोभते. माणसाच्या नावाला नाही, कारण नाव चेहऱ्याबरोबरच वाचले जायला हवे.

दोन चित्रपट आणि एक नियम

मजकूर आधी की चित्र आधी, याची दोन टोके हॉलिवूडच्या १९५०च्या दशकात एका वर्षाच्या अंतराने दिसतात. ऑर्सन वेल्सच्या १९५८च्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची सुरुवात तीन मिनिटांहून लांब चालणाऱ्या सलग शॉटने होते. मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि क्रेनवरचा कॅमेरा गर्दीतून त्या मोटारीचा माग काढत राहतो. प्रेक्षकाची नजर मोटारीवर खिळून राहावी म्हणूनच तो शॉट आहे. स्टुडिओने त्याच शॉटवर श्रेयनामावली चढवली. नावे वाचायची की मोटार शोधायची, अशी ओढाताण सुरू झाली. १९९८ साली वॉल्टर मर्च यांनी वेल्सच्या ५८ पानी टिपणाच्या आधारे चित्रपटाचे पुन्हा संकलन केले, तेव्हा नावे शॉटवरून काढून शेवटी नेली.

१९५९च्या हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये याच्या उलट आहे. सॉल बास यांनी आधी तिरक्या रेघांची जाळी मांडली, नावे त्या रेघांना धरून सरकवली आणि मग ती जाळीच न्यूयॉर्कमधल्या एका काचेच्या इमारतीची दर्शनी बाजू झाली. इमारत निवडताना आणि कॅमेरा तिरका लावताना अक्षरांचा विचार आधी झालेला होता. त्यामुळे काचेत खालच्या रस्त्यावरची वाहतूक हलत असूनही नावे वाचायला त्रास होत नाही.

भारतात आणखी एक मजकूर दिग्दर्शकाच्या इच्छेविना येतो. २०१२पासून लागू असलेल्या नियमांनुसार पात्र सिगारेट ओढत असेल तोवर पडद्याच्या तळाशी तंबाखूविरोधी स्थिर इशारा दाखवावा लागतो. २०२३पासून ओटीटीवरही ते बंधन आले. २०१३ साली वूडी ॲलन यांनी हा इशारा चित्रपटात घालायला नकार दिला आणि ‘ब्लू जस्मिन’ इथे प्रदर्शित झालाच नाही. नियम पटो वा न पटो, धूम्रपानाच्या दृश्यात तळाचा पट्टा आपला नाही हे धरूनच चौकट लावणे शहाणपणाचे. त्यात सबटायटलही असतील तर ॲशट्रे टेबलाच्या कडेला ठेवून काही दाखवण्याचा बेत सोडून द्यावा.

उभा पडदा

हे सगळे गणित आडव्या पडद्याचे झाले. फोनच्या उभ्या पडद्यावर ते मोडते. आडव्या एचडी चित्रातून ९:१६ची उभी चौकट कापली तर रुंदी उरते जेमतेम ६०७ पिक्सेल, मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी. येवल्याचा कारागीर डावीकडे आणि नाव उजवीकडे, ही चौकट उभी कापताना दोहोंपैकी एकच हाती लागते.

उभ्या चौकटीत मोकळी जागा बाजूला मिळत नाही, ती वर किंवा छातीवर मिळते. तीही सगळी आपली नसते. खाली खात्याचे नाव आणि मजकूर, उजवीकडे लाइक-शेअरची बटणे. रील जाहिरातींसाठी मेटाने वरचा सुमारे १४ टक्के, खालचा सुमारे ३५ टक्के आणि बाजूंचा ६ टक्के भाग मजकूरमुक्त ठेवायला सांगितले आहे. १९२० पिक्सेल उंचीतले मधले सुमारे ९८० पिक्सेल उरतात, आणि त्यातच चेहरा आणि अक्षर दोन्ही बसवायचे असतात. म्हणून उभ्या शॉटमध्ये डोक्यावर नेहमीपेक्षा दुप्पट जागा सोडावी लागते. आडव्या चौकटीला सवयीने बसलेल्या डोळ्यांना ते चुकीचे दिसते, पण शीर्षक तिथेच बसते. आडवे आणि उभे दोन्ही हवे असेल तर एकाच शॉटमधून दोन्ही काढण्याचा हट्ट धरू नये. नावाचा तेवढा एक शॉट दोनदा घ्यावा. त्याला मिनिटभराचा वेळ लागतो.

निष्कर्ष

चारही वाटांचा उपयोग आहे. पट्टी बातमीला, काळी पाटी प्रकरणांना, फोर-केची मोकळीक किरकोळ सरकवासरकवीला. पण चेहऱ्याबरोबर नाव आणि दृश्याबरोबर शीर्षक हवे असेल तिथे चित्रीकरणात सोडलेल्या जागेला पर्याय नाही. ती प्रत्येक शॉटमध्ये सोडायची नसते. सगळ्याच चौकटी एका बाजूला रिकाम्या ठेवल्या तर माहितीपट पोस्टरांची मालिका होतो. चित्रीकरणाला निघण्याआधी कागदावर चार ओळी लिहाव्यात: शीर्षकाचा शॉट कोणता, कुणाकुणाची नावे येणार, कुठे गावाचे नाव किंवा साल येणार आणि शेवटची नामावली कशावर चालणार. बहुतेक लघुमाहितीपटांत असे शॉट दहाच्या आतच निघतात. त्या शॉटपुरता मजकूर आधी ठरवावा आणि कॅमेरा त्यानुसार लावावा. बाकीच्या चौकटी खुशाल भरून घ्याव्यात.